डोकं, घाम, धडधड: सीटी स्कॅनच्या आधी लघवीची तपासणी

*डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४३, रावपुऱ्यात राहते. गेलं दीड वर्ष मधूनच असं होतं की डोकं एकदम ठणकायला लागतं, छाती धडधडते आणि ब्लाऊज भिजेपर्यंत घाम येतो. वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप शांत होतं. दवाखान्यात गेले की बीपी नॉर्मल. आधी गॅस म्हणाले, मग मायग्रेन, मग पाळी जायची लक्षणं, आता गभरामण. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिली होती, ती घेतल्यावर त्रास फारच वाढला म्हणून आठवड्यातच बंद केली. परवा त्रास होत असताना दिरांच्या मशीनवर बीपी पाहिलं तर २०६/११८. भाचा म्हणतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ असू शकते. माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेले, त्याचा काही संबंध असेल का? सरळ सीटी स्कॅन करून घेऊ का?*
*— अ., वडोदरा*

ताई, सीटी स्कॅन आत्ता नको. आधी चोवीस तासांच्या लघवीची मेटानेफ्रिन तपासणी करा, आणि ती नीट करा. स्कॅन लागणार की नाही हे तिच्या निकालावर ठरेल. आणि प्रोप्रॅनोलॉल किंवा त्या जातीची कुठलीही गोळी यापुढे कोणी सुचवली, तर हे पत्र दाखवा आणि तपासणी होईपर्यंत थांबायला सांगा. एवढं पाळलंत तरी मोठं काम झालं. आता कारणं सांगतो.

तुमच्या भाच्याची शंका रास्त आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. त्यांच्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन तयार होतं. आपण दचकलो, घाबरलो, धावलो की हेच रक्तात उतरतं. क्वचित कोणाच्या या गाभ्यात गाठ होते, तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ही गाठ कुठलंही कारण नसताना, किंवा अगदी किरकोळ कारणानं, हा माल एकदम रक्तात सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वर जातं, डोकं ठणकतं, हृदय धावतं, घाम फुटतो. माल संपला की सगळं खाली येतं आणि माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत अगदी बरा दिसतो. म्हणूनच ही माणसं वर्षानुवर्षं गॅसच्या आणि झोपेच्या गोळ्या खात राहतात.

पण गाठ दुर्मीळ आहे, हेही तितकंच खरं. बीपीच्या हजार रुग्णांत दोन ते सहा जणांना ती सापडते. डोकं, घाम आणि धडधड घेऊन येणाऱ्या बहुतेकांना गभरामण असते, नाहीतर पाळी जाण्याच्या काळातला त्रास, थायरॉइड वाढलेलं, किंवा मधुमेहाच्या औषधानं साखर उतरलेली. तुमच्या डॉक्टरांनी तिथून सुरुवात केली यात चूक काही नाही. फक्त चार गोष्टी एकत्र आल्या की मी तिथेच थांबत नाही. तिन्ही लक्षणं एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात. त्या वेळेचं बीपी खूप वर असतं आणि नंतर नॉर्मल होतं. प्रोप्रॅनोलॉलनं बरं वाटायच्या ऐवजी बिघडतं. आणि घरात कोणी भूल दिल्यावर अचानक गेलेलं असतं. तुमच्या पत्रात चारही आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती घरच्यांना विचारा: त्रास होत असताना तुमचा चेहरा कसा दिसतो? पाळी जाण्याच्या वयात जे गरम झोत येतात त्यात चेहरा आणि मान लाल होते, अंग तापतं, बीपी फारसं हलत नाही आणि बहुतेकदा काही मिनिटांत संपतं. गाठीच्या झटक्यात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे चेहरा बहुधा पांढरा पडतो आणि हातपाय गार लागतात, घाम असला तरी. तुम्हाला स्वतःला हे कळणार नाही, कारण तेव्हा कोणी आरशात बघत नाही. पण शेजारी बसलेल्याला दिसतं. गभरामणीत मात्र चेहरा दोन्ही प्रकारे दिसू शकतो, आणि बीपीही बऱ्यापैकी चढू शकतं, म्हणून नुसत्या चेहऱ्यावरून किंवा एका आकड्यावरून निदान होत नाही. शिवाय गाठीच्या झटक्यातही जीव जाईल की काय अशी भीती वाटतेच. अ‍ॅड्रिनलिनचं कामच ते. तेव्हा 'मला भीती वाटते म्हणजे मनाचंच असेल' असं स्वतःला समजावू नका.

माझ्याकडे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लेथवर काम करणारा एक रुग्ण होता, वय ३८. त्याची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तपासणीचा सगळा क्रम तिच्यात दिसतो. त्याला खाली वाकून जॉब उचलला की डोकं फुटायला लागायचं. मानेची नस म्हणून पट्टा झाला, डोळे तपासून झाले. ओपीडीत बीपी १२६/८२. उपाशीपोटीची साखर थोडी वर, म्हणून गोड बंद केलेलं. मी त्याच्या बायकोला एक काम सांगितलं: दंडाला बांधायचं मशीन घरी ठेवा, आणि झटका आला की लगेच, मग दर दहा मिनिटांनी, तो शांत झाल्यावर एकदा आणि रोज सकाळी एकदा, असं बीपी लिहा. पुढच्या खेपेला ती मुलाची चौरेघी वही घेऊन आली. तिच्यातली एक नोंद अशी होती: 'मंगळवार, सकाळी ६.५०. पाण्याची बादली उचलली. डोकं, घाम, तोंड पांढरं, हात बर्फ. २१४/१२२, नाडी ११६. सात वाजता १८८/१०८. ७.२० ला १३२/८४. नंतर चहा प्यायला.' ओपीडीत इतक्या वेळा मोजूनही जे हाती आलं नव्हतं ते या नोंदीत होतं. वाकणं, ओझं उचलणं, पोटावर दाब येणं यानं गाठ दाबली जाते आणि माल सुटतो. काहींना भरपेट जेवणानंतर होतं, काहींना संडासला जोर केल्यावर. काहींना मात्र काहीच निमित्त लागत नाही.

तुम्हीही अशीच वही करा. मनगटाचं मशीन नको, दंडाचं घ्या. झटक्यात बसा किंवा आडव्या व्हा, हात आधारावर ठेवा आणि मोजा. घरात साखरेचं यंत्र असेल तर एकदा बोटातून साखरही पाहा. ती उतरलेली निघाली तर घाम-धडधडीचं कारणच वेगळं आहे. गाठीत ती उतरत नाही, उलट थोडी चढलेली असते. आणि झटक्याआधी काय करत होता, काय खाल्लं, कुठली गोळी किंवा इंजेक्शन घेतलं, तेही लिहा.

गोळी आणि इंजेक्शन मुद्दाम म्हणतो. डोकं ठणकून मळमळायला लागलं की आपल्याकडे उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन सहज दिलं जातं. ज्याच्या पोटात ही गाठ आहे त्याला त्यानं जबरदस्त झटका येऊ शकतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि नाक मोकळं करायच्या सर्दीच्या गोळ्या यांचंही तसंच. निदान होईपर्यंत यांच्यापासून लांब राहा आणि दवाखान्यात गेल्यावर आधीच सांगा.

आता प्रोप्रॅनोलॉल. धडधड कमी करायला, मायग्रेन टाळायला, हात थरथरत असतील तर, ही गोळी हजारो लोकांना दिली जाते आणि त्यांना उपयोगही होतो. तिच्या जातीला बीटा ब्लॉकर म्हणतात. अ‍ॅड्रिनलिन शरीरात दोन प्रकारच्या खुणांवर बसतं, अल्फा आणि बीटा. अल्फावर बसलं की रक्तवाहिन्या आवळतात. बीटावर बसलं की हृदय जोरात चालतं, पण स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या सैलही होतात. प्रोप्रॅनोलॉल बीटा बंद करते. मग सैल करणारी वाट बंद आणि आवळणारी उघडी, अशी अवस्था होते. गाठ माल सोडत असेल तर बीपी आधीपेक्षा जास्त चढतं. तुम्हाला त्या आठवड्यात जे झालं ते यामुळे असू शकतं. ती चिठ्ठी टाकून देऊ नका, फाइलला लावा. कुठल्या तारखेला सुरू केली, किती मिलिग्रॅमची होती आणि काय झालं, हे त्यावर लिहून ठेवा. कोणी वाचक हे वाचून आपली चालू असलेली बीटा ब्लॉकर गोळी स्वतःहून एकदम थांबवू नका, त्यानंही त्रास होतो. डॉक्टरांशी बोला.

आता तपासणी. लोकांना वाटतं की गाठ अधूनमधूनच माल सोडते, मग बऱ्या दिवशी तपासणी करून काय सापडणार? पूर्वी हीच अडचण होती. रक्तातलं किंवा लघवीतलं अ‍ॅड्रिनलिन मोजलं तर झटक्याच्या वेळी सापडायचं, एरवी निसटायचं. पण गाठीच्या पेशींत साठलेल्या मालाचा थोडा भाग आतल्या आत सतत मोडत असतो आणि त्याचे तुकडे रात्रंदिवस बाहेर येत राहतात. मातीच्या माठाचं तसंच असतं: पाणी आपण कधीतरी घेतो, पण माठ सतत पाझरत असतो. या पाझरणाऱ्या तुकड्यांना मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन म्हणतात. ते मोजायचे. म्हणून झटका नसलेल्या दिवशीही ही तपासणी चालते, आणि ती व्यवस्थित नॉर्मल आली तर अशा झटक्यांमागे ही गाठ असण्याची शक्यता जवळजवळ मिटते.

ती रक्तातूनही होते आणि लघवीतूनही. रक्ताची चांगलीच आहे, पण त्यासाठी वीस ते तीस मिनिटं शांत आडवं पडून, त्याच स्थितीत रक्त घ्यावं लागतं. खुर्चीत बसवून घाईत सुई टोचली तर आकडे खोटेच वर येतात आणि उगाच घबराट होते. आडवं पाडून रक्त घ्यायची तयारी प्रत्येक लॅबची नसते, म्हणून तुम्हाला लघवीची सांगतो. चिठ्ठीवर 'चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन, सोबत क्रिएटिनिन' असं लिहून घ्या. काही ठिकाणी अजून व्हीएमए नावाची जुनी तपासणी करून देतात. तिच्यात गाठी निसटतात, तेवढ्यावर थांबू नका.

लॅब मोठा कॅन देईल. त्याच्या तळाशी आम्ल घातलेलं असतं, नमुना टिकावा म्हणून. त्यात थेट लघवी करू नका, उडून भाजेल. वेगळ्या भांड्यात घ्या आणि हळूच ओता. घरात लहान मुलं असतील तर कॅन त्यांच्या हाती लागू देऊ नका. सकाळी सात वाजता सुरू करणार असाल तर सातची पहिली लघवी टाकून द्या आणि घड्याळाची वेळ लिहा. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची, सगळी कॅनमध्ये. एक जरी चुकली तरी लॅबला सांगा आणि पुन्हा करा. मोठ्या घरात पाहुणे आले, लग्नाला जायचं झालं की एखादी हमखास राहते. तेव्हा जो दिवस पूर्ण घरी काढता येईल तोच निवडा. क्रिएटिनिन यासाठी मागवायचं की त्यावरून लघवी पूर्ण जमा झाली की नाही याचा अंदाज येतो. कॅन लॅबने सांगितल्याप्रमाणे गार जागी ठेवा.

तुम्हाला मायग्रेनसाठी रात्रीची छोटी गोळी चालू आहे का? ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन असेल तर तिच्यामुळेही हे आकडे वाढतात. मन उदास राहतं म्हणून देतात त्यातल्या काही गोळ्यांचंही तसंच. काही लॅबच्या पद्धतीत पॅरासिटामॉलही घोटाळा करतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा, कुठली किती दिवस आधी कमी करत थांबवायची ते त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या मनानं काही बंद करू नका.

रिपोर्ट वाचताना छापील मर्यादेच्या थोडं वर म्हणजे गाठ, असं समजू नका. दीडपट-पावणेदोनपट वाढलेले आकडे बहुतेक वेळा गोळ्यांमुळे, ताणामुळे किंवा नमुना नीट न घेतल्यामुळे असतात, आणि तपासणी पुन्हा केली की खाली येतात. तिप्पट-चौपट वाढलं असेल तर मात्र गाठ असण्याची शक्यता फार मोठी. माझ्या त्या लेथवाल्या रुग्णाचं नॉरमेटानेफ्रिन मर्यादेच्या पाचपट होतं. तिथे मग शंकेला जागा उरत नाही.

त्यानंतर स्कॅन. आधीच का नाही, हे आता सांगणं सोपं आहे. मध्यम वयात कोणाचंही पोट स्कॅन केलं तर शंभरातल्या चार-पाच जणांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये लहानसा गोळा दिसतोच. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, आयुष्यभर काही न करणारे. तुमचे झटके गभरामणीचे असले आणि स्कॅनमध्ये असा गोळा दिसला, तर सगळं घर त्या गोळ्याच्या मागे लागेल. उलट, साधारण सहातली एक गाठ अ‍ॅड्रिनलच्या बाहेर असते: पोटात मणक्यालगत, मूत्राशयाजवळ, क्वचित छातीत किंवा मानेत. केवळ वरचं पोट पाहून 'काही नाही' असा रिपोर्ट आला तर खोटा दिलासा मिळेल. तपासणीचे आकडे हातात असले की रेडिओलॉजिस्टला काय शोधायचं आणि कुठपर्यंत शोधायचं ते माहीत असतं. आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: अ‍ॅड्रिनलच्या गाठीत सुई घालून तुकडा काढायचा नाही, निदान मेटानेफ्रिन नॉर्मल आहे हे कळल्याशिवाय तर मुळीच नाही. त्या सुईनं जीवघेणा झटका येऊ शकतो.

त्या रुग्णाची उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये चार सेंटिमीटरची गाठ निघाली. घरच्यांना वाटलं उद्याच काढून टाकावी. तसं करत नाहीत. आधी किमान एक ते दोन आठवडे अल्फा वाट बंद करणारी गोळी द्यावी लागते. आपल्याकडे बऱ्याचदा प्राझोसिन वापरतात. ती अगदी थोड्या मात्रेत, रात्री झोपताना सुरू करतात, कारण पहिल्या गोळीनंतर पटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होतं. मग हळूहळू वाढवतात. नाक चोंदतं, उभं राहिल्यावर थोडं हलकं वाटतं, ही गोळी लागू पडतेय याचीच खूण. अल्फा बंद झाल्यावर नाडी फार धावत असेल तर काही दिवसांनी बीटा ब्लॉकर देतात. म्हणजे तीच गोळी, पण क्रम उलटा. आधी अल्फा, मग बीटा. या एका क्रमावर जीव अवलंबून असतो.

याच दिवसांत रुग्णाला भरपूर पाणी आणि मीठ वाढवून खायला सांगतात. त्याच्या बायकोला हे पटेना. कितीतरी दिवस तिनं घरातलं पापड-लोणचं बंद केलं होतं, आणि आता डॉक्टरच म्हणतात मीठ खा! कारण असं की वर्षानुवर्षं आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा द्रवभाग कमी झालेला असतो. गोळीनं वाहिन्या सैल केल्या की आत भरायला पाणी लागतं, आणि पाणी टिकायला मीठ. ते भरलं नाही तर ऑपरेशननंतर बीपी कोसळतं. हा सल्ला फक्त गाठीचं निदान झालेल्या आणि अल्फा गोळी सुरू झालेल्या रुग्णाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यालाही नाही. तुम्ही आत्ता मीठ वाढवू नका.

दोन आठवड्यांनी बसून १२४/७८ आणि उभं राहून १०४/७० असं बीपी आल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. या कामाची सवय असलेला सर्जन जितका महत्त्वाचा, तितकाच भूल देणारा डॉक्टर. गाठीला हात लागतो तेव्हा बीपी उसळतं आणि तिची रक्तवाहिनी बंद केली की कोसळतं, ते क्षणाक्षणाला सांभाळायचं काम त्याचं. त्या संध्याकाळी आयसीयूत रुग्णाचं बीपी ९०/६० पर्यंत आलं आणि साखरही उतरली. माल एकदम थांबला की असं होतं, म्हणून पहिले एक-दोन दिवस दोन्ही वारंवार मोजतात. सलाइन आणि ग्लुकोजवर तो सावरला. काही आठवड्यांनी पुन्हा लघवी तपासली, आकडे नॉर्मल. साखरही नॉर्मल झाली, ती गाठीमुळेच चढलेली होती. एक अ‍ॅड्रिनल उरली तरी शरीराचं भागतं. आता वर्षातून एकदा तो मेटानेफ्रिन करतो. गाठ पुन्हा येऊ शकते आणि काहींमध्ये ती इतरत्र पसरलेलीही निघते, म्हणून हे वर्षाचं तपासणं दहा वर्षं तरी सोडायचं नसतं.

आता तुमच्या वडिलांचं. टेबलावर मृत्यू येण्याची कारणं अनेक असतात, हृदयाची, भुलेची, रक्तस्रावाची. इतक्या वर्षांनी नक्की काय झालं ते सांगता येणार नाही. पण निदान न झालेली ही गाठ भुलेच्या वेळी पहिल्यांदाच उसळते हे जुनं दुखणं आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांना ही गोष्ट अवश्य सांगा. आणि पुढे तुमचं कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं किंवा मोतीबिंदूचं, ही तपासणी झाल्याशिवाय ठरवू नका.

या गाठीच्या साधारण तीन रुग्णांत एकाला ती घराण्यातल्या दोषामुळे झालेली असते. १८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये फ्रेंकेल नावाच्या डॉक्टरांनी मिना रोल या १८ वर्षांच्या मुलीची नोंद लिहून ठेवली. तिला डोकेदुखी, धडधड आणि घामाचे अचानक झटके यायचे. ती दगावल्यावर दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी सापडल्या. १२१ वर्षांनी, २००७ मध्ये, तिच्या घराण्यातल्या हयात माणसांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यात रेट नावाच्या जनुकातला दोष निघाला. या दोषात अ‍ॅड्रिनलसोबत थायरॉइडचा एक कर्करोगही होतो. म्हणून तुमच्या भावंडांना, काका-आत्यांना फोन करून विचारा: घरात कोणाचं मानेच्या गाठीचं ऑपरेशन झालंय का? मूत्रपिंडात किंवा डोळ्याच्या पडद्यावर गाठी? अंगावर लहानपणापासून कॉफीच्या रंगाचे मोठे डाग आणि मऊ गाठी? तरुणपणीच बीपी? तुमची गाठ सिद्ध झाली तरच जनुकाची तपासणी करायची, आणि त्यात दोष निघाला तर भावंडांची आणि मुलांची. आत्ता त्यांना घाबरवू नका, फक्त माहिती गोळा करा.

दाखवायचं कोणाला? हार्मोनच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना. ते लगेच मिळत नसतील तर एखाद्या अनुभवी एमडी मेडिसिनकडे, किंवा सयाजी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत. सोबत वही, प्रोप्रॅनोलॉलची चिठ्ठी आणि सगळी पाकिटं न्या. सुरुवातीलाच सांगा: 'झटक्यात बीपी दोनशेवर जातं आणि बीटा ब्लॉकरनं बिघडलं.' दीड वर्षाची कहाणी सांगायला बसलात तर ओपीडीच्या गर्दीत हे वाक्य राहून जाईल.

तपासणी नीट करून दोनदा नॉर्मल आली, तर ही गाठ मनातून काढून टाका. मग थायरॉइड, रात्री घोरताना श्वास अडकणं, पाळीचा काळ आणि गभरामण यांच्याकडे वळायचं. गभरामण निघाली तर तिच्यावरही खरे उपचार आहेत. 'मनाचं आहे' म्हणून सोडून द्यायचा तो आजार नाही.

तोपर्यंत झटका आला तर आडव्या व्हा, वाकू नका, ओझं उचलू नका आणि स्कूटर चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबा. बीपी झटक्यात उतरवायला जिभेखाली गोळी ठेवायचा सल्ला अजून दिला जातो, तो मानू नका; बीपी धाडकन पडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. पण छातीत दुखलं, दम लागला, नजर धूसर झाली, बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, किंवा अर्ध्या तासानंतरही बीपी १८०/१२० च्या खाली येत नसेल, तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि गाडीतल्या माणसाला, मग इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना, पहिल्यांदा हेच सांगा की अ‍ॅड्रिनलच्या गाठीची शंका आहे, बीटा ब्लॉकर आणि मेटोक्लोप्रमाइड देऊ नका. ही दोन नावं आजच कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, आणि एक प्रत दिरांकडे द्या.